अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक एकाच घोटात नको, मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या

प्रश्न: सर, हा मेसेज सगळीकडे फिरतोय: 'अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक यांत अंतर ठेवणं हे थोतांड आहे. डॉक्टर दोन्ही १-०-१ लिहितात, कंपन्या तर दोन्ही एकाच गोळीत देतात. अँटिबायोटिक रक्तात जातं, पोटातल्या जंतूंशी त्याचा काय संबंध? आणि कॅप्सूलमध्ये कोट्यवधी जंतू असतात, थोडे मेले तर मेले. नाहीतर सरळ वाटीभर दही खा.' माझ्या आईच्या दाढेत पू झालाय. पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्यात, सोबत पोटासाठी जिवंत जंतूंची प्रोबायोटिक कॅप्सूल. दोन्ही एकदम दिलं तर चालेल का?

उत्तर: आधी रक्ताचा मुद्दा घेतो, कारण मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे. औषध रक्तात पोचतं हे खरं, पण पोटातूनच पोचतं. दाढेच्या अशा दुखण्यात बहुतेक वेळा अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडची '६२५' म्हणतात ती गोळी देतात. आईला तीच दिली आहे असं धरून बोलतो. त्या गोळीत अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम असतं. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्याबरोबर ती गिळली आणि विरघळली, की जठरातल्या त्या पाण्यात दर मिलिलिटरला सुमारे २,५०० मायक्रोग्रॅम औषध होतं. जठराचा रस आणि जेवण मिसळून ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येईल. आता रक्तातला आकडा बघा. दीड-दोन तासांनी रक्तातलं प्रमाण सर्वांत वर चढतं तेव्हाही ते मिलिलिटरला साधारण ६ ते ८ मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे गिळल्यानंतरच्या पहिल्या तासात जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात औषध रक्तापेक्षा शंभर-दोनशे पट दाट असू शकतं. दाढेतले जंतू मरायला ते ६-८ मायक्रोग्रॅम पुरतात. प्रोबायोटिकमधले लॅक्टोबॅसिलस जंतू अमॉक्सिसिलिनसमोर सहसा दाढेतल्या जंतूंइतकेच कच्चे असतात. दोन्ही एकदम दिलं तर त्यांना तुम्ही त्या सर्वांत दाट पाण्यात सोडता.

कॅप्सूलमधले जंतू वाळवून निद्रिस्त केलेले असतात आणि अमॉक्सिसिलिन मारतं ते वाढणाऱ्या जंतूंना, कारण ते जंतूची भिंत बांधली जात असताना ती मोडतं. म्हणून झोपलेला जंतू लगेच मरत नाही. पण त्याला पाणी, ऊब आणि अन्न मिळालं की तो जागा होतो आणि भिंत बांधायला घेतो. नेमकं त्याच वेळी भोवती औषध नसावं, एवढ्यासाठी हे अंतर आहे. दोन तासांत अमॉक्सिसिलिनचा बराचसा भाग वरच्या आतड्यातून शोषला जातो. रक्तातलं प्रमाणही त्यानंतर भराभर उतरतं, दर तासा-सव्वा तासाला निम्मं होतं. भरपेट जेवणासोबत गोळी घेतली तर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून अशा वेळी मी दोनऐवजी तीन तास सांगतो.

हा आकडा औषध शरीरात कसं फिरतं यावरून काढलेला आहे, एका गटाला अंतर ठेवून आणि दुसऱ्याला एकत्र देऊन केलेल्या मोठ्या तुलनेतून नव्हे. तरीही मी त्याच्या बाजूने ठामपणे उभा आहे. अंतर ठेवायला पैसे पडत नाहीत, अँटिबायोटिकचं काहीही बिघडत नाही आणि ज्या कॅप्सूलचे पैसे आपण मोजतो तिचं काम होण्याची शक्यता वाढते.

अंतराने सगळं सुटत नाही, हेही लक्षात ठेवा. न शोषलेलं थोडं औषध खाली मोठ्या आतड्यापर्यंत जातंच, म्हणूनच तर जुलाब होतात. काही औषधं पित्तावाटे रक्तातून पुन्हा आतड्यात येतात. सेफ्ट्रायॅक्झोनचं इंजेक्शन शिरेतून दिलं तरी त्याचा मोठा हिस्सा पित्तातून आतड्यात उतरतो, त्यामुळे 'इंजेक्शनने पोट बिघडत नाही' हेही खरं नाही. ॲझिथ्रोमायसिनचं तर निम्मं होण्यालाच जवळजवळ ६८ तास लागतात. तिथे दोन-तीन तासांनी फक्त पहिल्या दाट लाटेतून सुटका होते, तेवढाच फायदा.

आता 'थोडे मेले तर मेले'. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब प्रोबायोटिकने टळतात का, हे मुलांमध्ये चांगलं तपासलं गेलं आहे. कॉक्रेन या संशोधन-संस्थेच्या २०१९च्या आढाव्यात ३३ चाचण्या आणि ६,३५२ मुलं होती. प्रोबायोटिक न घेतलेल्यांपैकी १९ टक्क्यांना जुलाब झाले, घेतलेल्यांपैकी ८ टक्क्यांना. पण फायदा ठळक दिसला तो दिवसाला ५०० कोटी किंवा त्याहून जास्त जिवंत जंतू देणाऱ्या मात्रांत. म्हणजे इथे आकड्याला किंमत आहे. तुमच्या कॅप्सूलमध्ये मुळात ५०० कोटी असतील आणि दहातले नऊ वाटेतच मेले, तर हाती ५० कोटी उरतात. कितीतरी कॅप्सूलमध्ये मुळातच ५०० कोटींहून कमी असतात, हे पाकिटामागे वाचून बघा.

पाकीट हातात घेतलंच आहे तर जंतूचं नावही वाचा, कारण अंतराचा नियम सगळ्यांना सारखा लागू होत नाही. लॅक्टोबॅसिलस किंवा बिफिडोबॅक्टेरियम अशी नावं असतील तर अंतर हवंच. बॅसिलस क्लॉसी किंवा बॅसिलस कोॲग्युलन्स असेल तर ते बीजाणूंच्या रूपात असतात. जाड टरफलाचं बी जसं उगवेपर्यंत सुरक्षित असतं, तसे हे रुजेपर्यंत अँटिबायोटिकला दाद देत नाहीत, मात्र रुजल्यावर त्यांतले बरेच कच्चे पडतात. क्लॉसीच्या काही जाती अनेक अँटिबायोटिकना मुळातच दाद देत नाहीत, तरीही अशा औषधाच्या माहितीपत्रकात 'दोन अँटिबायोटिक मात्रांच्या मधल्या वेळेत द्या' असंच छापलेलं असतं.

तिसरं नाव सॅक्रोमायसिस बुलार्डी. हा जीवाणू नाहीच, यीस्ट आहे. १९२०च्या दशकात आंरी बुलार यांनी तो इंडोचायनामध्ये लिची आणि मँगोस्टीनच्या फळांवरून वेगळा केला. जीवाणूंवरची औषधं यीस्टला लागत नाहीत, त्यामुळे आईच्या पाकिटावर हे नाव असेल तर दोन्ही एकाच वेळी दिलं तरी बुलार्डी मरणार नाही. मेसेज खरा ठरतो तो एवढ्या एकाच बाबतीत. मात्र सोबत फ्लुकोनॅझोलसारखं बुरशीवरचं औषध चालू असेल तर त्याने बुलार्डी मरतो.

एकाच गोळीत दोन्ही विकलं जातं म्हणून ते बरोबर ठरत नाही. अशा गोळ्यांमध्ये अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक किंवा सेफिक्सिमसोबत 'लॅक्टिक ॲसिड बॅसिलस' घातलेला असतो. बहुतेक वेळा तो बीजाणूवाला कोॲग्युलन्स असतो आणि मात्रा सहसा काही कोटींत असते, शेकडो कोटींत नाही. गोळी विरघळते त्याच क्षणी दोघे एकत्र येतात आणि अंतर ठेवायची सोयच उरत नाही. अशी गोळी लिहून दिली असेल तर ती घ्या, अँटिबायोटिकचं काम ती करेल. पोटासाठी मात्र वेगळं काही हवं का, ते डॉक्टरांना विचारा.

१-०-१ बद्दल थोडक्यात. त्याचा अर्थ सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, इतकाच. दोन्ही गोळ्या एकाच मिनिटाला तोंडात टाका असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. चिठ्ठीत तासाचं अंतर लिहायला जागा नसते, ते सांगणं आम्हा औषध दुकानातल्या काउंटरवरच्यांचं काम आहे आणि ते आम्ही करायलाच हवं.

दह्याचं प्रकरण जरा गंभीर आहे, कारण इथे नुकसान अँटिबायोटिकचं होऊ शकतं. सिप्रोफ्लॉक्सासिन दूध किंवा दह्याबरोबर घेतलं तर त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि रक्तात पोचणारं औषध सुमारे एक तृतीयांशाने घटतं. लघवीच्या संसर्गासाठी ही गोळी घेणाऱ्याने गोळीसोबतच वाटीभर दही खाल्लं, तर आजार लांबू शकतो. म्हणून ती गोळी दह्या-दुधाच्या निदान दोन तास आधी घ्यायची, किंवा सहा तासांनी. अमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही, आईला जेवणात दही चालेल. पण घरी विरजलेल्या दह्यात कोणते जंतू किती आहेत हे कोणी मोजत नाही, तेव्हा दह्याला अन्न समजा, त्या कॅप्सूलची जागा त्याला देऊ नका.

आता आईचं वेळापत्रक. गोळी दिवसातून दोनदा असेल तर पहिली सकाळी साडेआठला, नाश्त्याचे पहिले घास घेताना. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड जेवणाच्या सुरुवातीला चांगलं शोषलं जातं आणि मळमळही कमी होते. दुसरी रात्री साडेआठला, तशीच. प्रोबायोटिक दुपारी एकला जेवताना. अन्नासोबत जठरातल्या आम्लाचा मारा कमी बसतो, आणि सकाळच्या गोळीला तोवर साडेचार तास झालेले असतात. कॅप्सूल दोनदा लिहिली असेल तर दुसरी संध्याकाळी पाचला, थोड्या खाण्याबरोबर. तिथून रात्रीच्या गोळीपर्यंत साडेतीन तास मिळतात. अँटिबायोटिक दर आठ तासांनी असेल, समजा सहा, दोन आणि रात्री दहाला, तर कॅप्सूल सकाळी साडेनऊच्या खाण्याबरोबर द्या. प्रोबायोटिक अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवसापासूनच सुरू करा. कोर्स संपल्यावर किती दिवस चालू ठेवायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

वेळा जमवताना हलवायची ती कॅप्सूल. अँटिबायोटिकची मात्रा पुढे ढकलू नका, गाळू नका. चुकून दोन्ही एकत्र दिलं गेलं तर घाबरू नका. आईला त्यातून अपाय नाही, दाढेवरचं औषध पूर्ण काम करेल, वाया गेली तर ती एक कॅप्सूल. अँटिबायोटिक पुन्हा मात्र देऊ नका.

आईची केमोथेरपी चालू असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील किंवा मोठ्या शिरेत नळी असेल, तर प्रोबायोटिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात सुरू करू नका. अशा रुग्णांमध्ये हेच जंतू किंवा यीस्ट रक्तात शिरल्याच्या घटना झाल्या आहेत. आणि दिवसाला तीन किंवा जास्त पातळ जुलाब, त्यासोबत ताप, पोटात जोराच्या कळा किंवा शौचातून रक्त, असं काही दिसलं, अगदी कोर्स संपून काही आठवडे झाल्यावरही, तर कॅप्सूल वाढवत बसू नका. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचा संसर्ग असाच सुरू होतो, त्याला शौचाची तपासणी आणि वेगळं औषध लागतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि कोणतं अँटिबायोटिक कधी घेतलं होतं ती चिठ्ठी सोबत न्या.