खर्च कुठे कापलाय, दाखव बरं

परवा काकांनी म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "यात खर्च कुठे कापलाय ते दाखव बरं. मला तर एक रुपयाही दिसत नाही." दिसणार नाहीच. फंडाचा खर्च रोज थोडा थोडा वजा होतो आणि मगच एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, जाहीर होते. काकांचे १० लाख आहेत आणि योजनेचा खर्च १.८ टक्के. म्हणजे वर्षाला १८,००० रुपये, दिवसाला साधारण ४९. हे रोजचे ४९ रुपये पासबुकात कधीच उमटत नाहीत.

काका म्हणाले, "अगं, पण मॅनेजर हुशार आहे. बाजारापेक्षा जास्त कमावून देत असेल तर त्याचे पैसे द्यायला नकोत?" प्रश्न रास्त आहे. एखादा मॅनेजर जास्त कमावून देऊ शकतो. सगळे मिळून नाही देऊ शकत. मी वहीवर मांडून दाखवलं, तेच इथे मांडते.

समजा बाजारात दोनच कंपन्या आहेत, प्रत्येकी ५० कोटींच्या. वर्षभरात पहिली २० टक्के वाढली, दुसरी ४ टक्के. १०० कोटींचा बाजार ११२ कोटींवर गेला, म्हणजे वाढ १२ टक्के. यात इंडेक्स फंडाचे, म्हणजे स्वतः निवड न करता बाजारातल्या कंपन्या त्यांच्या प्रमाणात घेणाऱ्या फंडाचे, २० कोटी आहेत, दोन्हीकडे निम्मे निम्मे. त्याला १२ टक्के मिळाले. आता उरलेले ८० कोटी दोन मॅनेजरांकडे, प्रत्येकी ४०. पहिल्याने चांगली कंपनी ओळखली, तिच्यात ३० कोटी घातले आणि दुसरीत १०. त्याचा परतावा १६ टक्के. मग दुसऱ्याच्या वाट्याला काय राहिलं? चांगल्या कंपनीचे फक्त १० कोटी आणि सुस्त कंपनीचे ३०. त्याला ८ टक्के. सोळा आणि आठची सरासरी बारा. पहिल्याची चारची आघाडी दुसऱ्याच्या चारच्या तुटीतूनच आली, कारण शेअर तेवढेच आहेत. मॅनेजर वर्षभर खरेदी-विक्री करत राहिले तरी विकणाऱ्यासमोर घेणारा असतोच. पडझडीआधी कुणी शेअर विकून रोख जवळ ठेवली, तर ते शेअर दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडलेले असतात.

आता खर्च वजा करा. मॅनेजरांचे १.८ टक्के गेले की त्यांची सरासरी १०.२ उरते. इंडेक्स फंडाचा खर्च ०.२ धरला तर तिथे ११.८. दोन्ही मॅनेजर कितीही हुशार असले तरी हा फरक मिटत नाही. विल्यम शार्प या नोबेल विजेत्या अर्थतज्ज्ञाने १९९१ मध्ये हे अवघ्या काही पानांत लिहून ठेवलं होतं, आणि त्याला बेरीज-वजाबाकीपलीकडचं गणित लागलं नव्हतं. दरवर्षी हाच फरक राहिला, तर १० लाखांचे २० वर्षांनी ११.८ टक्क्यांनी सुमारे ९३ लाख होतात आणि १०.२ टक्क्यांनी सुमारे ७० लाख. हे २३ लाख मला तरी किरकोळ वाटत नाहीत.

या गणिताची मर्यादाही सांगायला हवी. या मॅनेजरांसारखे स्वतः शेअर निवडणारे, म्हणजे "सक्रिय" गुंतवणूकदार, हे फक्त म्युच्युअल फंड नव्हेत. आपल्या बाजारात परदेशी संस्था आहेत, विमा कंपन्या आहेत, मोबाइलवर ट्रेडिंग करणारी मंडळीही आहेत. ही बाकीची मंडळी हरत असतील, तर एखाद्या काळात सगळे फंड मिळून बाजाराच्या पुढे जाऊ शकतात. शिवाय नवे शेअर बाजारात येतात, निर्देशांकातल्या कंपन्या बदलतात, तेव्हा इंडेक्स फंडालाही खरेदी-विक्री करावी लागते आणि तिथे त्याचं थोडं नुकसान होऊ शकतं. पण दीड-पावणेदोन टक्क्यांचा खड्डा दरवर्षी भरून निघेल असं मी तरी धरून चालणार नाही.

आणि तुलना करताना जपा. नुसत्या निफ्टीशी केली तर फंड उगाच चांगला दिसतो, कारण त्या आकड्यात लाभांश धरलेला नसतो. फंडाला मात्र लाभांश मिळत असतो. म्हणून तुलना टीआरआयशी, म्हणजे लाभांशासकट काढलेल्या निर्देशांकाशी करायची. सेबीने २०१८ पासून फंडांना हेच बंधनकारक केलंय. बंद पडलेल्या किंवा दुसऱ्यात विलीन केलेल्या योजना आजच्या यादीत नसतात, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी पाहूनही फसायला होतं.

काका बराच वेळ वहीकडे बघत बसले. मग म्हणाले, "सगळं उद्याच बदलून टाकू." मी थांबवलं. एका योजनेतून दुसरीत जाणं ही विक्रीच धरली जाते. वर्षापेक्षा जुन्या युनिटांवर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही, त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के. त्यामुळे यंदा तेवढ्याच नफ्याची युनिटं काढायची आणि उरलेली एप्रिलनंतर, असं ठरलंय.