बावीस मुद्द्यांचे चार केले तेव्हा

स्वॉटच्या स्लाइडवर मोजकेच मुद्दे ठेवा, असं मी लिहिलं होतं. त्यावर एका वाचकानं कळवलं:

"सर, स्वॉटच्या स्लाइडवर मोजकेच मुद्दे ठेवा हे लिहायला सोपं आहे. आमच्या कंपनीत असं केलं तर प्रत्येक संचालक विचारेल, माझा मुद्दा कुठं गेला? आणि बँकेचा माणूस म्हणेल, यांनी अभ्यासच केलेला नाही. सल्ला पुस्तकी वाटला."

संचालकांचा राग मी झेललाय, म्हणून तिथलंच सांगतो. लातूर जिल्ह्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी, सोयाबीन गोळा करणारी. बँकेकडं ड्रायरसाठी कर्ज मागायचं होतं. ताकद, कमजोरी, संधी आणि धोका या स्वॉटच्या चार चौकोनांत 22 मुद्दे: 'अनुभवी संचालक मंडळ', 'सुविधांचा अभाव', 'वाढती मागणी', 'तीव्र स्पर्धा'. कंपनीचं नाव खोडून साडीच्या दुकानाचं टाकलं असतं तरी स्लाइड तशीच चालली असती.

मग प्रत्येक मुद्द्याला एकच प्रश्न लावला: हे खरं नसतं, तर ड्रायर घ्यायचा निर्णय बदलला असता का? 'अनुभवी मंडळ' तिथंच गळालं. 'सुविधांचा अभाव' मात्र अडून बसला. नेमकी कसली सुविधा, असं खोदून विचारल्यावर एक काका म्हणाले, "काढणीत पाऊस लागला की माल ओला येतो, अन् वाळवायला शेडपुढचं खळं तेवढंच." आवक वही काढली. मागच्या हंगामात 140 गाड्यांपैकी 46 गाड्यांचा ओलावा 12 टक्क्यांच्या वर होता. कमजोरीत हेच वाक्य गेलं, खळ्यासकट.

धोक्यातली 'तीव्र स्पर्धा' काढून हमीभाव खरेदीची 12 टक्के ओलाव्याची मर्यादा लिहिली. 2024 च्या हंगामात केंद्रानं ती 15 पर्यंत सैल केली होती, पण दरवर्षी तसं होईल यावर कर्ज कसं काढणार? असे मुद्दे शिळे होतात, म्हणून त्याखाली तारीख टाकली.

आता मांडणी. कमजोरी आणि धोका शेजारी-शेजारी, मोठ्या अक्षरांत, मध्ये बाण. कारण ओल्या गाड्या आणि ती मर्यादा मिळूनच तोटा होतो. ताकद आणि संधी खाली एकेका ओळीत: किती सभासद दोन्ही हंगामांत माल आपल्याकडंच घालतात, आणि कोरड्या मालाला जवळचा तेल प्लांट किती जास्त देतो. चौकोन सारखे दिसले नाहीत. दिसायची गरजही नव्हती.

एवढं मात्र मान्य: पहिल्या बैठकीत चौकोन भरू द्यावेत, तिथं कात्री लावली तर काका गप्पच बसतात. उरलेले 18 मुद्दे आम्ही सुचवणाऱ्याच्या नावासह वेगळ्या कागदावर छापून फाइलला जोडले. एक संचालक तरी फुगलेच, ते काही टळलं नाही.

अभ्यासाचं म्हणाल, तर बँकेच्या साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "हा 46 चा आकडा कुठून आणला?" आम्ही आवक वही त्यांच्यापुढं सरकवली.