‘बनाना रिपब्लिक’च्या मेसेजबद्दल खुलासा

“बनाना रिपब्लिक म्हणजे केळी पिकवणाऱ्या अडाण्यांचा देश. इंग्रजांनी आपल्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला दिलेली शिवी!”

तसं नाही. हा शब्द अमेरिकन कथाकार ओ. हेन्री यांचा. १९०४च्या ‘कॅबेजेस अँड किंग्ज’ या पुस्तकात त्यांनी तो एका काल्पनिक देशासाठी वापरला. बँकेतल्या अफरातफरीच्या खटल्यातून पळून ते काही महिने मध्य अमेरिकेतल्या होंडुरास या देशात राहिले होते, तिथला अनुभव त्यामागे आहे.

टोमणा आहे तो केळीच्या व्यापाऱ्यांच्या तालावर नाचणाऱ्या सरकारांना. होंडुरासचंच बघा. पदावरून गेलेले राष्ट्राध्यक्ष बोनिया परत सत्तेवर यावेत म्हणून सॅम झेमरे या अमेरिकन केळी व्यापाऱ्याने त्यांना जहाज आणि बंदुका पुरवल्या. १९१२मध्ये बोनिया पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले आणि झेमरेला करात सवलती मिळाल्या. बागेत राबणाऱ्याच्या हाती यातलं काय लागलं असेल, ते आपल्याकडच्या केळीवाल्याला वेगळं सांगायला नको.

परीक्षेत ‘भोपळा’ मिळाला म्हणून भोपळे लावणाऱ्याचा अपमान होत नाही, तसंच हे. राग येणं समजू शकतो, पण तो मेसेज आता पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.