पनीरच्या कॅलरी पचतानाच जळून जातात का?

"प्रोटीन पचायला जड असतं, पोटाला जास्त मेहनत पडते आणि त्यातल्या निम्म्या कॅलरी पचवतानाच जळतात. म्हणून पनीर कितीही खा, वजन वाढणार नाही. आणि दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खा, म्हणजे भट्टी पेटती राहते."

मी आहारतज्ज्ञ आहे. हा मेसेज फोनवर दाखवत लोक माझ्याकडे येतात, त्यातले काही रोज पाव किलो पनीर खाऊन आलेले असतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी आकडा. जेवणानंतर काही तास शरीराचा ऊर्जाखर्च वाढतो, हे खरं आहे. प्रथिनांच्या 100 कॅलरींमागे साधारण 20 ते 30 कॅलरी अशा खर्च होतात, पिष्टमय पदार्थांच्या 100 मागे 5 ते 10 आणि तेल-तुपाच्या 100 मागे फार तर 3. प्रथिनं या बाबतीत सगळ्यांच्या पुढे आहेत, पण निम्म्यापर्यंत ती जात नाहीत.

आता पोटाच्या मेहनतीचं. जठराचं घुसळणं, पाचकरस तयार होणं, आतड्यातून शोषण होणं, यालाही ऊर्जा लागते, पण प्रथिनांचा मोठा खर्च तिथे होत नाही. प्रथिनं पचली की त्यांची अमिनो आम्लं होतात. ही अमिनो आम्लं थेट शिरेतून दिली, म्हणजे पोट आणि आतडं दोन्ही वगळली, तरी शरीराचा ऑक्सिजनचा वापर वाढतो. खर्चाची जागा पुढे आहे, पेशींमध्ये आणि विशेषतः यकृतात.

तूप खाल्लं की त्यातली चरबी आतड्यात सुटी होते, आतड्याच्या भिंतीत पुन्हा जुळते आणि रक्तातून चरबीच्या पेशींत जाऊन बसते. आली जवळपास त्याच रूपात साठली, म्हणून खर्च नगण्य. भाताचं ग्लुकोज होतं, त्यातलं काही लगेच वापरलं जातं, काही ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत साठतं. तिथेही थोडक्यात भागतं. प्रथिनांसाठी मात्र शरीरात कोठारच नाही. स्नायू प्रथिनांचे असतात खरे, पण ते कामावरचे आहेत, साठा म्हणून ठेवलेले नाहीत. त्यामुळे जेवणानंतर रक्तात आलेल्या अमिनो आम्लांचं काहीतरी करावंच लागतं, आणि दोन्ही वाटा महाग आहेत.

एक वाट बांधणीची. एका अमिनो आम्लाला दुसरं जोडायचं तर एटीपीसारख्या ऊर्जावाहक रेणूंमधले चार ऊर्जाबंध मोडावे लागतात: दोन त्या आम्लाला जोडणीसाठी तयार करताना, दोन प्रत्यक्ष साखळीत ओवताना. एका प्रथिनात असे शेकडो सांधे असतात. दुसरी वाट जाळण्याची. त्याआधी नायट्रोजन वेगळा काढावा लागतो. तो अमोनिया म्हणून राहिला तर विषारी, म्हणून यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे जातो. युरियाच्या एका रेणूलाही असेच चार ऊर्जाबंध लागतात. उरलेल्या सांगाड्यापासून ग्लुकोज करायचं तर आणखी खर्च. हा सगळा खर्च शेवटी उष्णता होऊन बाहेर पडतो.

आता पनीरचा हिशोब करू. 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18 ग्रॅम प्रथिनं आणि 20 ग्रॅम फॅट धरू. प्रथिनांच्या 72 कॅलरी, त्यांचा चौथा हिस्सा म्हणजे 18 गेल्या. फॅटच्या 180, त्यातल्या चारेक गेल्या. 252 पैकी 22 खर्च झाल्या, 230 अंगी लागल्या. पनीरला लोक प्रोटीन म्हणतात, पण त्याच्या बहुतेक कॅलरी फॅटच्या आहेत, आणि तळून ग्रेव्हीत टाकलं की वरचं तेल वेगळंच. पाव किलोचा हिशोब तुम्हीच करा.

रोजच्या जेवणात बदल केला तर किती फरक पडतो? समजा पोळी-भातातल्या 200 कॅलरी कमी करून तेवढ्याच कॅलरींची, म्हणजे 50 ग्रॅम, प्रथिनं घेतली. जास्तीचा खर्च होईल 30 ते 40 कॅलरी, म्हणजे पोळीचा एखादा तुकडा. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं वाटतं आणि चारच्या चहाबरोबरची फरसाणाची वाटी सुटते, तो फायदा मला याहून मोठा वाटतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

सहा वेळा खाण्याबद्दल थोडक्यात. खर्च खाल्लेल्या कॅलरींच्या प्रमाणात होतो. तेवढंच अन्न तीनदा खाल्लं तर तीन मोठे चढ येतात, सहादा खाल्लं तर सहा छोटे, बेरीज जवळपास तीच. हे मोजताना माणसाला डोक्यावर पारदर्शक हूड ठेवून झोपवतात आणि त्याच्या श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजतात. प्रथिनांच्या भरपूर जेवणाचा चढ पाच-सहा तासांनीही पूर्ण उतरलेला नसतो. म्हणजे दुपारी एकला जेवलेल्याची "भट्टी" संध्याकाळी सहालाही थोडी गरमच असते, मधे काही न खाता.