चमच्याला भिता, मग त्या निवांत पाण्याला का नाही?

सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड. ‘मायक्रोवेव्हमध्ये चमचा राहिला तर घर उडेल.’ खाली वीस जणांचे हात जोडलेले. आणि त्याच ग्रुपवर गेल्या आठवड्यात गंगापूर रोडच्या एका काकूंचा हात मायक्रोवेव्हमधल्या पाण्याने भाजला, तेव्हा काय आलं? हसणाऱ्या बाहुल्या. ‘पाणी उडी मारतं का कधी?’

मारतं. म्हणून लिहायला बसलोय.

काकूंचं मशीन माझ्याकडे दुरुस्तीला आलं ते ‘पाणी उकळत नाही’ अशा तक्रारीवर. काचेचा गुळगुळीत मग, त्यात अडीचशे मिली पाणी. दोन मिनिटं लावली, बुडबुडा नाही. अजून तीस सेकंद, तरी शांत. मग बाहेर काढून त्यात चमचाभर कॉफी टाकली आणि अर्धा मग मनगटावर. आधी ज्याला दाखवलं त्या मेकॅनिकने न तपासता मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भागच, बदलायला सांगितलं होतं. अरे, तपासायला लागतं काय? रुंद भांड्यात एक लिटर गार पाणी, फुल पॉवरवर दोन मिनिटं. मग ढवळून जितके अंश वाढले त्यांना 35 ने गुणलं की वॉट मिळतात. काकूंच्या मशीनमध्ये 21 अंश वाढले, म्हणजे 735 वॉट. आठशेचं लेबल असलेल्या वापरलेल्या मशीनला हे उत्तम आहे. मशीन ठणठणीत होतं. पाणी उकळीच्या पुढे गेलं होतं, फक्त उकळलं नव्हतं.

आपल्या नाशिकच्या उंचीवर पाणी साधारण 98 अंशांना उकळतं. पण उकळायचं म्हणजे बुडबुडा जन्मायला हवा, आणि अगदी इवल्या बुडबुड्याला पाण्याचा पृष्ठताण आवळून चिरडून टाकतो. त्याला सुरुवातीला आसरा लागतो. गॅसवरच्या पातेल्याचा तळ पाण्यापेक्षा तापलेला असतो आणि त्याच्या ओरखड्यांत हवा अडकलेली असते, तिथून बुडबुडे सुटतात. मायक्रोवेव्हमध्ये उलटं. तापतं पाणी, मग मागे राहतो. त्यात काच गुळगुळीत. मग पाणी 98 ओलांडून शंभर, एकशे तीन, कधी त्याहून वर जातं आणि तोंडावर सुरकुतीही नाही. पाणी एकदा उकळून गार झालेलं असेल तर आणखी वाईट, कारण त्यात विरघळलेली हवाच निघून गेलेली असते. काकूंनी नेमकं सकाळचं उकळलेलं पाणीच परत ठेवलं होतं.

आणि मग पडते कॉफी. तिच्या दाण्यादाण्यात हवेची भोकं. साखरेचं तेच, टी बॅगचंही तेच. पाण्याला हजारो आसरे एका क्षणात मिळतात. हिशोब करून बघा. अडीचशे मिली पाणी उकळीच्या फक्त पाच अंश वर गेलं असेल, तर त्या जादा उष्णतेत सव्वादोन ग्रॅम पाण्याची वाफ होते. अर्धा चमचाही नाही. पण तिची जागा जवळजवळ चार लिटर, आणि ती तळापासून वर येते. वरचं पाणी जाणार कुठे? मनगटावर.

आता हसा.

बरं, मान्य, रोज नाही होत. हजारदा पाणी ठेवलं तरी काही न होणारे लोक आहेत. त्यांच्या मगाला ओरखडे असतील, किंवा नशीब असेल.

ओळखायचं कसं? नेहमी ज्या वेळात उकळी दिसते ती वेळ उलटून गेली आणि पाणी आरशासारखं आहे, तर ते गार आहे असं समजू नका. वेळ वाढवू तर मुळीच नका. बंद करून, दार लावून दोन-तीन मिनिटं हात लावू नका. मग चेहरा लांब ठेवून, लांब दांड्याच्या लाकडी चमच्याने हलवा. आणि मुळातच ठेवताना आत लाकडी काडी उभी सोडा, आइस्क्रीमची चालते. अर्ध्या वेळात थांबवून एकदा ढवळा. एवढंच.

अंड्याचं गणित वेगळं वाटतं, पण आतून तेच आहे. कवचासकट कच्चं अंडं ठेवू नये हे आता पोरांनाही माहीत आहे. वाफ होते तेवढ्या वेगाने कवचाच्या छिद्रांतून ती बाहेर पडू शकत नाही, म्हणून फुटतं. लोक फसतात ते सोललेल्या उकडलेल्या अंड्याला. ‘कवच नाही ना, मग काय होतंय.’ होतं असं की घट्ट शिजलेल्या बलकात पाण्याचे बारीक कप्पे कोंडलेले असतात आणि ते काकूंच्या मगासारखेच उकळीच्या पुढे जाऊन गप्प बसतात. मशीन बंद, टिंग वाजलं, अंडं ताटलीत शांत. मग काटा टोचला किंवा दात लावला की एका कप्प्याने सुरुवात केली आणि शेजारचे सगळे सुटले. ते आत नाही फुटलं, तर तोंडात फुटतं. टाचणीचं भोक पाडून भरवसा नाही, ते एकाच कप्प्यापर्यंत पोचतं. उकडलेलं अंडं गरम करायचंय? उभं चिरा, चार फोडी करा, किंवा सरळ गरम पाण्याच्या वाटीत दहा मिनिटं बुडवा. मायक्रोवेव्हची गरजच काय?

राहिला तुमचा चमचा. धातूत लहरींमुळे वीज धावते. गुळगुळीत, जाड, गोल कडांच्या चमच्यात ती पसरते, विशेष काही होत नाही. टोक आलं की विजेचा ताण तिथे एकवटतो. सेंटिमीटरला साधारण तीस हजार व्होल्टच्या पुढे हवाच फुटते आणि ठिणगी दिसते. म्हणून काटे-चमच्याची टोकं, चुरगळलेली फॉइल, स्टीलची वाटी भिंतीला जवळजवळ टेकलेली. आणि ती आजीच्या सेटमधली सोनेरी कडेची बशी! तो मुलामा इतका पातळ असतो की तापून तुटतो आणि तुटल्या जागी टकटक ठिणग्या उडतात. तरी हे सगळं दिसतं, ऐकू येतं, माणूस बंद करतो. धातू धोक्याचा नाही असं मी म्हणत नाही, रिकाम्या मशीनमध्ये तो खरंच नुकसान करतो. पण तो निदान ओरडून सांगतो. पाणी सांगत नाही.

धातू नसताना ठिणग्या दिसल्या तर आत उजव्या भिंतीवरचा राखाडी-तपकिरी पातळ तुकडा बघा, ती मायका शीट. फोडणीचं तेल उडून तिथे बसतं, जळतं, त्याचा कोळसा होतो आणि कोळसा वीज धरतो. काळा डाग पुसून जात नसेल तर शीट बदला, तोवर मशीन लावू नका. मोजून कापून बसते, खर्चही किरकोळ. कुणी लगेच मॅग्नेट्रॉन म्हणालं तर आधी शीट दाखवायला सांगा.

काकूंचा हात बरा होतोय. घरच्यांनी त्यावर टूथपेस्ट लावली होती, ती काढताना जास्त दुखलं म्हणे. नळाचं गार वाहतं पाणी, वीस मिनिटं, बांगड्या-घड्याळ लगेच काढून. बर्फ नको, टूथपेस्ट नको. फोड मोठे असतील तर सरळ दवाखाना.

मशीन परत देताना त्या हळूच म्हणाल्या, ‘म्हणजे चूक माझीच ना रे?’ नाही काकू. मगात एक काडी नव्हती, एवढंच.