स्प्रिंकलर आहेत म्हणून माल छताला टेकवायचा?

«ज्यांचं प्लास्टिक किंवा पॅकेजिंगचं गोदाम आहे त्यांनी वाचा. (१) स्प्रिंकलर बसवले की माल छतापर्यंत लावा, पाणी वरूनच पडतं. (२) प्लास्टिक पुठ्ठ्यापेक्षा उशिरा पेटतं, म्हणून धोका कमी. (३) मधल्या वाटा आणि मालामागच्या फटी म्हणजे वाया गेलेली जागा. (४) जरा धूर झाला की सगळे स्प्रिंकलर एकदम सुटतात आणि माल भिजतो, म्हणून सीझनमध्ये व्हॉल्व्ह बंद ठेवा. पुढे पाठवा.»

हा मजकूर गेल्या काही दिवसांत माझ्यापर्यंत तीन गटांमधून आला. पण मावसभावाने तो पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, तू उगाच घाबरवत असतोस," तेव्हा मात्र लिहायला बसलो. त्याचं गोदाम मी पाहिलंय. थर्माकोलच्या पेट्या, बबल रॅपचे रोल, प्लास्टिकचे क्रेट, असा सगळा माल. माझं काम स्प्रिंकलरच्या आराखड्यांचं, त्यामुळे हे वाचून हात चोळत बसणं जमलं नाही.

चौथ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो सगळ्यात लवकर संपतो आणि सगळ्यात घातक आहे. नेहमीच्या गोदामातल्या स्प्रिंकलरचा धुराशी काही संबंध नसतो. बहुतेक नोझलांच्या तोंडाशी काचेची एक छोटी नळी असते आणि तिच्यात रंगीत द्रव भरलेला असतो. लाल असेल तर ती ६८ अंश सेल्सिअसला फुटते, हिरवी असेल तर ९३ ला. जी नळी तापते तीच फुटते. शेजारच्या गाळ्यातलं नोझल बंदच राहतं. सगळी एकदम उघडणारी व्यवस्थाही असते, पण ती वेगळी, आणि ती मुद्दाम मागून बसवावी लागते. राहिली व्हॉल्व्हची गोष्ट. आगीच्या वेळी स्प्रिंकलर चालले नाहीत अशा घटनांची एनएफपीए ही अग्निसुरक्षेची अमेरिकन संस्था अनेक वर्षं नोंद ठेवते आहे, आणि त्या नोंदींत पहिल्या क्रमांकाचं कारण 'यंत्रणा बंद करून ठेवलेली होती' हेच येतं. व्हॉल्व्ह बंद करणं म्हणजे पैसे मोजून बसवलेली यंत्रणा स्वतःच्या हाताने नसल्यात जमा करणं.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते कबूल करतो. पॉलीप्रॉपिलीनचा जाड ठोकळा काडीने पेटवून दाखवा, दमाल. पण गोदामात ठोकळे नसतात. फिल्म असते, फोम असतो, पातळ भिंतींचे क्रेट असतात आणि त्यांच्याभोवती लवकर पेट घेणारा पुठ्ठा असतो. एकदा आग धरली की हिशेब उलटतो. पॉलीथिलीन किंवा पॉलीप्रॉपिलीनचा एक किलो जळला की सुमारे ४३ ते ४६ मेगाज्यूल उष्णता निघते. कागद किंवा लाकडाच्या एका किलोतून १६ ते १८. म्हणजे तेवढ्याच वजनात अडीचपट. शिवाय हे प्लास्टिक जळता जळता वितळतं, पेटतं थेंब थेंब खाली गळतं आणि पॅलेटच्या खाली, जिथे वरचं पाणी पोचत नाही, तिथे दुसरी आग सुरू करतं. उशिरा पेटतं हा गुण पहिल्या मिनिटापुरताच.

आता पहिला मुद्दा. खरा राग मला याचाच आहे, कारण ऐकायला तो अगदी शहाणपणाचा वाटतो.

स्प्रिंकलर हे 'आहेत' किंवा 'नाहीत' अशा प्रकारात मोडत नाहीत. ते कुठल्या तरी मालासाठी, कुठल्या तरी उंचीसाठी आखलेले असतात. आखणीत दोन आकडे असतात: दर चौरस मीटरवर मिनिटाला किती लिटर पाणी पडलं पाहिजे, आणि एका वेळी किती क्षेत्रावर. एनएफपीए १३ हे याचं प्रमाण पुस्तक आहे. त्यात 'साधारण धोका, गट २' या वर्गाला ८.१ लिटर आणि १३९ चौरस मीटर असे आकडे येतात. या पाण्यात थर्माकोल, पॉलीथिलीन यांसारखं प्लास्टिक, ज्याला तिथे गट 'अ' म्हणतात, ते किती उंच रचता येतं? सुमारे दीड मीटर. म्हणजे साधारण माणसाच्या खांद्याएवढं. त्याहून उंच गेलं की पाण्याचे आकडे बदलतात.

मावसभावाच्या गोदामात मुख्य पाइपाशी एक पत्र्याची पाटी आहे. मी गेलो तेव्हा तिच्यासमोर रिकामे ड्रम लावलेले होते. ते सरकवून वाचली: ८.१ लिटर, १३९ चौरस मीटर. आधीचा भाडेकरू लाकडी फर्निचरचे सुटे भाग ठेवायचा. हे पाणी त्याला पुरेसं होतं. आता त्याच छताखाली पाच मीटर उंच थर्माकोल आहे. पाटी बदललेली नाही, पाइप बदललेले नाहीत, पंप तोच आहे. मग 'स्प्रिंकलर आहेत' याचा अर्थ काय उरला?

उंच रचलेल्या प्लास्टिकसाठी छतावरून लागणारं पाणी मालाच्या प्रकारानुसार आणि छताच्या उंचीनुसार बदलतं, पण १८६ चौरस मीटरवर २४ लिटरांच्या आसपासचे आकडे त्यात सहज दिसतात. तेवढंच धरून हिशेब करू. त्याच्याकडे एक नोझल १२ चौरस मीटर सांभाळतं. आधीच्या आखणीत त्यातून मिनिटाला ९७ लिटर निघायला हवेत. नोझलमधून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, Q = K√P. Q म्हणजे मिनिटाला लिटर, P म्हणजे बारमध्ये दाब, आणि K म्हणजे नोझलचं तोंड किती मोठं आहे ते सांगणारा आकडा. त्याच्या नोझलचा K ८० आहे, म्हणजे ९७ लिटरांसाठी दीड बारपेक्षा थोडा कमी दाब पुरतो. आता २४ लिटरांच्या हिशेबाने त्याच नोझलमधून २८८ लिटर हवेत. त्यासाठी दाब लागतो जवळजवळ १३ बार. पाणी तिप्पट, दाब नऊपट. या यंत्रणांची नेहमीची जोडणी साधारण १२ बारपर्यंतच चालवायची असते. म्हणजे 'जरा मोठा पंप लावू' हा उपायही इथे संपला. आणि टाकीचं काय? आधीच्या आखणीला मिनिटाला साधारण ११०० लिटर, नव्या हिशेबाने साडेचार हजारांच्या जवळ. तासभराच्या पाण्यात हा फरक जवळपास दोन लाख लिटरांचा होतो, आणि त्यात बंबवाल्यांच्या होजचं पाणी धरलेलंच नाही.

मग होतं काय? पहिलं नोझल उघडतं, वेळेवर उघडतं. पण पेटलेल्या प्लास्टिकवरून वर येणारा गरम वाऱ्याचा झोत एवढ्या जोराचा असतो की लहान थेंब खाली येतच नाहीत. काही वाटेतच वाफ होतात, काही बाजूला उडवले जातात. आग खाली वाढत राहते, उष्णता छताखाली पसरते आणि दूरची नोझलं फुटू लागतात, जिथे खाली काहीच जळत नसतं. तीही त्याच पंपाचं पाणी ओढतात, दाब आणखी पडतो. यंत्रणा बिघडलेली नसते, पाणी पडत असतं, आणि तरी गोदाम जातं. उंच प्लास्टिकसाठी मोठ्या K ची नोझलं वापरतात ती याचसाठी. थेंब जाड असतो आणि झोत भेदून खाली पोचतो.

आणि छतापर्यंत? नोझलच्या टोकाला एक दातेरी चकती असते. पाणी तिच्यावर आपटून आडवं पसरतं आणि मग खाली वळतं. पसरायला तिला जागा हवी. चकतीपासून मालाच्या माथ्यापर्यंत नेहमीच्या नोझलला किमान ४५ सेंटिमीटर, आणि उंच साठ्यासाठीच्या जलद नोझलला सुमारे ९० सेंटिमीटर मोकळे हवेत. मावसभावाच्या गोदामात मागच्या कोपऱ्यात एका पेटीच्या झाकणावर चकतीच्या दातांचे ठसे उमटलेले होते. फोर्कलिफ्टने पेटी वर चढवताना ती थेट नोझलला घासली होती. तिथलं पाणी त्या एका पेटीवर पडलं असतं आणि पलीकडची रांग कोरडी राहिली असती. टेप घेऊन मोजायला पाच मिनिटं लागतात. आणि मोजायचं ते चकतीपासून, छतापासून नव्हे.

तिसरा मुद्दा तुलनेने थोडक्यात, पण सोडून देण्यासारखा नाही. रॅकमध्ये पाठीला पाठ लावलेल्या दोन पॅलेटच्या मधे आणि शेजारशेजारच्या पॅलेटच्या मधेही सुमारे १५ सेंटिमीटर फट ठेवतात, ती कोणी विसरलं म्हणून नव्हे. ती धुरांड्याचं काम करते: उष्णता सरळ वर जाते आणि आगीच्या नेमक्या वरचं नोझल लवकर उघडतं. त्याच फटीतून पाणी खाली उतरतं. फट बुजवली की उष्णता आडवी पसरते आणि नोझल उशिरा, तेही भलत्या ठिकाणी उघडतं.

वाटेचंही तसंच. एनएफपीए १३ मध्ये रॅकसाठी १.२ आणि २.४ मीटर रुंद वाटांचे हिशेब वेगवेगळे आहेत, कारण रुंद वाट ओलांडून समोरच्या रांगेला पेटवणं आगीला अवघड जातं आणि समोरचा माल आधी भिजवायला पाण्याला सवड मिळते. वाट साधारण एक मीटरपेक्षा अरुंद झाली तर ती वाट धरलीच जात नाही, दोन्ही रॅक मिळून एकच मोठा साठा समजतात. तुम्ही सीझनमध्ये वाटेत बबल रॅपचे रोल उभे केलेत की त्या क्षणी आखणीतलं गृहीत मोडलं, कागदावर रॅक कितीही नीट असोत. शिवाय होज घेऊन आत शिरणाऱ्या माणसाला पाऊल टाकायला जागाच उरत नाही.

मावसभावाला मी तीन पर्याय लिहून पाठवलेत. एक, थर्माकोल आणि फोम दीड मीटरवर आणायचा आणि बाकीची जागा दुसऱ्या मालाला द्यायची. दोन, रॅकच्या आत मधल्या पातळ्यांवर स्प्रिंकलर घ्यायचे, म्हणजे छतावरच्या पाण्यावर सगळा भार राहत नाही. तीन, नोझल, पाइप, पंप, टाकी सगळं नव्याने आखायचं. दुसरा आणि तिसरा खर्चिक आहे, पाण्याचा हिशेब नव्याने करूनच ठरवावं लागेल. पहिला उद्यापासून करता येतो. त्यावर त्याचं उत्तर आलं, "मग एवढा माल ठेवू कुठे?" हा प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर भाडेकरारात शोधायचं, नोझलच्या खाली नाही. तोपर्यंत त्याने ड्रम हलवून पाटी मोकळी करावी, तिच्यावरचे आकडे स्वतः वाचावेत आणि व्हॉल्व्ह उघडा आहे ना, एवढं आजच बघावं.