‘दर स्लाइडला दोन मिनिटं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया:

“सर, पोस्ट वाचली. एवढा खटाटोप कशासाठी? सेक्शनमधल्या स्लाइड्स मोजा, दर स्लाइडला दोन मिनिटं धरा, अनुक्रमणिका तयार. तुम्ही काढलेली वेळ शिकवणाऱ्याची आहे, पोर्टलवर वाचणाऱ्याची नाही. कोड तर कुणालाच कळत नाही. हुशारी दाखवायला लिहिल्यासारखं वाटलं.”

नमस्कार. ही प्रतिक्रिया ज्या पोस्टवर आली, त्यात मी पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये नोंद झालेल्या वेळांवरून पोर्टलसाठी प्रशिक्षणाच्या डेकची, सेक्शनवार वेळ दाखवणारी अनुक्रमणिका कशी काढली ते लिहिलं होतं.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची वाक्यं त्याच्याच कडेला बसून आलेली दिसतात. हुशारी दाखवायची असती तर मी ‘पोर्टल’ हा विषय निवडला नसता. इंदूरच्या आसपासच्या कारखान्यांत मी प्रशिक्षणाचं काम ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काळापासून करतो आहे. पारदर्शक शीटवर स्केच पेनने लिहायचं आणि घामाचा हात लागला की पुसलं जायचं, ते दिवस. तेव्हा आपण शाळेत असाल बहुधा. वर्गात किती वेळ लागतो हे मला कुणी एक्सेलमध्ये भागाकार करून सांगावं याचं जरा नवल वाटलं, एवढंच.

एक मात्र मान्य. पोस्टमधला स्क्रीनशॉट मोबाइलवर वाचता येत नव्हता. बदलला आहे.

आता ‘दर स्लाइडला दोन मिनिटं’. हे वाक्य इतक्या सहज टाकलंत की त्याला सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

पोस्टमधला डेक सुरक्षा प्रशिक्षणाचा, 164 स्लाइड्सचा. आपल्या हिशोबाने 328 मिनिटं, म्हणजे 5 तास 28 मिनिटं. प्रत्यक्ष नोंद झालेली बेरीज चहाची सुट्टी वगळून 5 तास 21 मिनिटं. बघा, किती छान जुळलं! आपण इथेच थांबला असता. पण पोर्टलवर माणूस एकूण वेळ बघायला येत नाही. त्याला ‘लॉकआउट-टॅगआउट’, म्हणजे बंद मशीनला कुलूप आणि टॅग लावण्याचा भाग, तेवढंच पुन्हा बघायचं असतं, आणि शिफ्ट सुरू होण्याआधी ते उरकेल का, हे कळायला हवं असतं. त्या सेक्शनमध्ये स्लाइड्स आहेत सहा. आपल्या हिशोबाने बारा मिनिटं. फाइलमध्ये नोंद आहे साडेअडतीस.

कारण त्यातली तिसरी स्लाइड. तिच्यावर एकच फोटो आहे: पॅनेलच्या आयसोलेटरला लावलेलं लाल कुलूप आणि टॅग. हा फोटो पडद्यावर ठेवून प्रशिक्षक प्रत्येकाला उठवतो, प्रत्येकाकडून हॅस्पमध्ये स्वतःचं कुलूप लावून घेतो, किल्ली ज्याची त्याच्या खिशात, आणि मग स्टार्टचं बटण दाबून मशीन खरंच सुरू होत नाही ना हे बघायला लावतो. या एका स्लाइडवर अठरा मिनिटं जातात. फाइलमध्ये ते असं दिसतं:

```
<p:transition spd="slow" advTm="1080000"/>
```

आकडा मिलिसेकंदांत असतो. हजाराने भागा, मग साठने. कोड कुणाला कळत नाही म्हणालात. यात कळण्यासारखं एवढंच आहे.

उलट ‘कायदे आणि नियम’ हा सेक्शन 38 स्लाइड्सचा. आपले झाले 76 मिनिटं. प्रत्यक्षात एकोणीस, कारण कलमांच्या त्या स्लाइड्स कुणीच वाचत नाही, सरासरी अर्ध्या मिनिटात पुढची येते. म्हणजे कुलुपाचा भाग तिपटीहून जास्त आखडला, कायद्याचा चौपट फुगला आणि बेरीज सात मिनिटांच्या फरकाने जवळपास बरोबर आली. अनुक्रमणिकेत छापायची असते ती सेक्शनची वेळ, आणि नेमकी तीच चुकते.

ही वेळ ‘शिकवणाऱ्याची’ म्हणालात. पोस्टमध्ये स्पष्ट लिहिलं आहे की प्रत्येक स्लाइडची वेळ नोंदवणारं पॉवरपॉइंटचं ‘रिहर्स टायमिंग्ज’ चालू ठेवून भरलेल्या वर्गात नोंद घेतली. कोपऱ्यातला तो छोटा टायमर पाहून मागच्या बाकावरून “भिया, ओव्हर कित्ते बचे?” अशी विचारणाही झाली होती. पोर्टलवर वाचणाऱ्याचा वेग वेगळा असेल तर असो, म्हणूनच ‘सुमारे 40 मिनिटे’ लिहिलं आहे. पाचच्या पटीत पूर्णांक करून. पुढे जाऊ.

फाइलमधला प्रत्येक आकडा मी डोळे मिटून उचलत नाही, हे आपल्याला पोस्टच्या दुसऱ्या भागात दिसलं असतं. तिथवर पोचला नसाल, म्हणून इथे सांगतो. काही डेकमध्ये सगळ्या स्लाइड्सना एकच आकडा असतो, समजा 5000. ती वर्गातली वेळ नव्हे; कुणीतरी ट्रान्झिशनमध्ये पाच सेकंद टाकून ‘अप्लाय टू ऑल’ दाबलेलं असतं. खऱ्या नोंदीत दोन शेजारच्या स्लाइड्सचे आकडे क्वचितच सारखे निघतात.

दुसरी गडबड जास्त फसवी. नव्या प्रकारचं ट्रान्झिशन लावलेल्या स्लाइडमध्ये पॉवरपॉइंट तीच नोंद दोनदा लिहितं, एक नव्या आवृत्तीसाठी `mc:Choice` मध्ये, एक जुन्यासाठी `mc:Fallback` मध्ये. आंधळेपणाने सगळे `advTm` गोळा केलेत की त्या स्लाइड्सची वेळ दुप्पट होते, बाकीच्यांची नाही, त्यामुळे बेरीज पाहून शंकाही येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: 164 स्लाइड्सच्या फाइलमध्ये 164 पेक्षा जास्त वेळा मिळाल्या तर काहीतरी दोनदा मोजलं गेलं. स्लाइडमागे एकच आकडा घ्यायचा.

चहाची स्लाइड मात्र फाइल ओळखत नाही. ‘प्रश्नोत्तरे’ ही स्लाइड पडद्यावर तशीच राहिली आणि सगळे पोहे खायला गेले, तीही वेळ त्या स्लाइडच्या नावावर चढली. कुलुपाची अठरा मिनिटं खरी आणि ही खोटी, हे प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय कळत नाही. मी विचारलं. यालाच आपण खटाटोप म्हणता.

सेक्शनची नावं `presentation.xml` मधल्या `p14:section` च्या `name` मधून घेतली, स्लाइडच्या शीर्षकातून नाही, यावरही आपण नाक मुरडलेलं जाणवलं. आमच्याकडचे निम्मे हिंदी डेक कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. पडद्यावर सुबक देवनागरी, आणि मजकूर बाहेर काढला की इंग्रजी अक्षरांची खिचडी. सेक्शनच्या नावाला फॉन्ट देताच येत नाही, त्यामुळे ते नाव निदान वाचता येतं. तिथे ‘Default Section’ असं दिसलं तर ते पॉवरपॉइंटने स्वतः ठेवलेलं नाव, म्हणजे पहिला सेक्शन मधूनच सुरू केला आणि त्याआधीच्या स्लाइड्स उरल्या. त्याला नाव आपणच द्यायचं.

बाकी आपल्या स्वराबद्दल आणखी लिहिण्यासारखं बरंच होतं, पण सौ. म्हणाली, जाऊ द्या.

तेव्हा एवढंच करा. आपल्याकडच्या एखाद्या डेकवर दोन मिनिटांचा हिशोब खरोखर बसत असेल, तर त्याचे सेक्शनवार आकडे इथे टाका. नुसती एकूण बेरीज नको.